एकाच जंतूत प्रतिकाराच्या जीनची रास: इंटिग्रॉन कसा शोधायचा, कसा वाचायचा

पंचगंगेला जयंती नाला मिळतो, त्याच्या खालच्या अंगाला घेतलेल्या पाण्यातून एक ई. कोलाय वेगळा केला आहे असं धरू. डिस्क लावल्या. अ‍ॅम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि को-ट्रायमोक्सॅझोल या चौघांभोवती जंतू बिनदिक्कत वाढला. जेन्टामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलभोवती मात्र स्वच्छ वर्तुळं आहेत. बहुतेक प्रोजेक्ट इथंच ‘मल्टिड्रग रेझिस्टंट’ असं लिहून संपतात. पण खरा प्रश्न इथून सुरू होतो. हे चार प्रतिकार चार वेगळ्या ठिकाणी बसलेत, की एकाच डीएनएच्या तुकड्यावर दाटीवाटीनं? एकत्र असतील तर त्यातलं एक औषध वापरलं तरी चारही प्रतिकार एकदम पोसले जातात, आणि ते दुसऱ्या जंतूकडेही एकगठ्ठा जातात.

शिवाजी विद्यापीठात किंवा आसपासच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्यांना पीसीआर मशीन, जेल आणि बाहेरून करून घेतलेलं सिक्वेन्सिंग एवढ्यावर हा प्रश्न बराचसा सोडवता येतो. वरचा जंतू आणि त्याचे निकाल उदाहरणासाठी रचलेले आहेत. जीन, त्यांची लांबी, प्रायमर मात्र खरे.

आधी रचना डोक्यात बसवा

इंटिग्रॉन म्हणजे जीन पकडून रांगेत बसवणारी व्यवस्था. तिला तीन गोष्टी लागतात: इंटिग्रेज एन्झाइमचा जीन, नवे जीन जोडले जातात ती जागा (अ‍ॅटआय), आणि पुढच्या जीनना चालवणारा एक प्रमोटर. जे जीन पकडले जातात त्यांना कॅसेट म्हणतात. प्रत्येक कॅसेटच्या शेपटीला अ‍ॅटसी नावाचा तुकडा असतो, इंटिग्रेज तो ओळखतं. कॅसेटला सहसा स्वतःचा प्रमोटर नसतो. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडून जातात, तसं हे आहे: इंजिन एकच, ट्रॉल्या जोडता-सोडता येतात. फरक इतकाच, की इथं इंजिनाजवळच्या ट्रॉलीला जोर जास्त मिळतो. नवीन कॅसेट बहुधा पहिल्या जागेवर बसते, म्हणून नुकत्याच आलेल्या जीनचा प्रतिकार ठळक दिसतो आणि मागं ढकललेल्याचा मंद होत जातो.

आपल्याकडे दवाखान्यातल्या आणि सांडपाण्यातल्या जंतूंत सापडतो तो मुख्यतः ‘क्लास १’ इंटिग्रॉन. त्याच्या कॅसेटच्या पलीकडच्या टोकाला नेहमीचे दोन जीन असतात. एक क्यूएसीई-डेल्टा-१, हा जंतुनाशक द्रव्यांविरुद्धच्या जीनचा तुटका अवशेष. दुसरा सल१, सल्फा औषधांविरुद्धचा. आपल्या उदाहरणातला नकाशा शेवटी असा निघणार आहे:

```
intI1 - attI1 - dfrA17 - attC - aadA5 - attC - qacEΔ1 - sul1
```

आता ट्रान्सपोझॉन. इंटिग्रॉन कॅसेट गोळा करतो, पण सर्वसाधारणपणे त्याला स्वतःहून उडी मारता येत नाही. बहुतेक क्लास १ इंटिग्रॉननी ती क्षमता गमावली आहे. मग ते ज्या ट्रान्सपोझॉनच्या पोटात बसलेत तो उडी मारतो. यातला सर्वांत अभ्यासलेला टीएन२१. लांबी सुमारे २० हजार बेस, दोन्ही टोकांना ३८ बेसचे उलटे पुनरावृत्त तुकडे, आत पाऱ्याविरुद्धचे मर जीन आणि इंटिग्रॉन. तो नक्कल करून जातो, म्हणजे मूळ प्रत जागेवर राहते आणि दुसरी नव्या ठिकाणी बसते. नवं ठिकाण जंतूतून जंतूत जाणारा प्लास्मिड असला, की अख्खी रास प्रवासाला निघते. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या शिगेला जंतूत सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चौघांचा प्रतिकार एकत्र दिसू लागला. त्यांपैकी एका जंतूतल्या आर१०० नावाच्या प्लास्मिडवरच टीएन२१ आहे.

पायरी १: एकच वसाहत, आणि ती खरंच एकच

नदीच्या पाण्यातून थेट डीएनए काढून इंटिग्रेजचा पीसीआर केला तर तो जवळजवळ नक्की पॉझिटिव्ह येईल. शहरी सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात हा जीन इतका सर्रास असतो की प्रदूषणाची खूण म्हणून तो मोजला जातो. पण त्यातून ‘एका जंतूत किती जीन’ हे कळत नाही. त्यासाठी शुद्ध वसाहत हवी.

मॅककॉन्कीवरची गुलाबी वसाहत ईएमबीवर घ्या, धातूसारखी हिरवी चमक आणि इंडोल चाचणी बघा, आणि मग तीच वसाहत सलग दोनदा स्ट्रीक करून सुटी करा. हा कंटाळवाणा भाग टाळणाऱ्यांना पुढं जेलवर दोन पट्ट्या दिसतात आणि ‘दोन इंटिग्रॉन सापडले’ असा आनंद होतो. प्रत्यक्षात दोन जंतू मिसळलेले असतात. आणखी एक सांगून ठेवतो. पहिल्या प्लेटमध्येच को-ट्रायमोक्सॅझोल घालून जंतू निवडले असतील, तर ‘नदीतल्या इतक्या टक्के ई. कोलायमध्ये इंटिग्रॉन’ असं वाक्य लिहायचा हक्क संपला. निवडूनच घेतलेत म्हटल्यावर टक्केवारी कसली?

शुद्ध झाल्यावर लगेच ग्लिसरॉलमध्ये साठवा. औषधाविना वारंवार पुढं नेलेल्या कल्चरमधून प्लास्मिड गळू शकतो, आणि मग महिन्यापूर्वीचा अँटिबायोग्राम आणि आजचा पीसीआर एकमेकांशी बोलत नाहीत. कामाच्या सगळ्या प्लेट टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा. ही रास बेसिनमधून परत नदीत सोडायची नाही.

पायरी २: डिस्कची प्लेट नीट वाचा

क्लास १ इंटिग्रॉनची सर्वांत चांगली चाहूल म्हणजे ट्रायमेथोप्रिम, सल्फा आणि स्ट्रेप्टोमायसिन या तिघांचा एकत्र प्रतिकार. को-ट्रायमोक्सॅझोलमध्ये सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम अशी दोन औषधं आहेत. नेहमीच्या २५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कवर ई. कोलायसाठी १० मिलिमीटर किंवा कमी म्हणजे प्रतिकारक, १६ किंवा जास्त म्हणजे संवेदनशील. दोन्ही घटकांविरुद्ध जीन असतील तरच जंतू डिस्कला चिकटून वाढतो. कॅसेटमधला डीएफआरए ट्रायमेथोप्रिम हाताळतो आणि शेवटचा सल१ सल्फा. एका इंटिग्रॉननं गोळीचे दोन्ही भाग निकामी केले.

इथं दोन जादा डिस्क लावायचा माझा आग्रह असतो: नुसत्या ट्रायमेथोप्रिमची आणि स्पेक्टिनोमायसिनची. दुसरीचं कारण महत्त्वाचं आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिकार इंटिग्रॉनमधल्या एएडीए जीनमुळे येतो, तसाच एसटीआरए-एसटीआरबी या जोडीमुळेही येतो, आणि ती जोडी इंटिग्रॉनची नाही. एएडीए स्पेक्टिनोमायसिनलाही रोखतो, ती जोडी रोखत नाही. म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिकारक आणि स्पेक्टिनोमायसिनला संवेदनशील जंतू दिसला, तर त्याचा स्ट्रेप्टोमायसिन प्रतिकार इंटिग्रॉनच्या खात्यावर टाकू नका. उलट, एएडीए रांगेत मागं असेल तर स्ट्रेप्टोमायसिनचं वर्तुळ मधल्या पट्ट्यात, म्हणजे १२ ते १४ मिलिमीटरमध्ये येऊ शकतं. तेवढ्यावरून तो नाही असं ठरवू नका.

प्रत्येक वेळी एटीसीसी २५९२२ हा प्रमाण जंतू सोबत लावा. को-ट्रायमोक्सॅझोलचं त्याचं वर्तुळ २३ ते २९ मिलिमीटर यायला हवं. त्याहून लहान आलं तर बहुधा माध्यमात थायमिडीन जास्त आहे, आणि मग तुमचे सगळेच जंतू खोटेच प्रतिकारक दिसतील.

पायरी ३: इंटिग्रेज आहे का?

डीएनएसाठी महागडं किट लागत नाही. ताज्या प्लेटवरच्या दोन-तीन वसाहती २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात कालवा, १० मिनिटं उकळत्या तापमानाला ठेवा, लगेच बर्फात घाला, १२ हजार आरपीएमवर ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी हाच तुमचा साचा. २५ मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनला १ ते २ मायक्रोलिटर पुरे. हात सढळ ठेवून ५ टाकले तर पेशींतला कचरा पॉलिमरेजला अडवतो आणि पट्टीच येत नाही.

```
intI1-F   GGGTCAAGGATCTGGATTTCG
intI1-R   ACATGGGTGTAAATCATCGTC
5'CS      GGCATCCAAGCAGCAAG
3'CS      AAGCAGACTTGACCTGA
```

पहिल्या जोडीनं ४८३ बेसची पट्टी येते. सोबत १६-एस जीनचा पीसीआर करा. इंटिग्रेज निगेटिव्ह आणि १६-एस पॉझिटिव्ह असेल तरच ‘इंटिग्रेज नाही’ म्हणता येतं. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे डीएनएच बिघडलाय. साच्याऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी कधीही वगळू नका. हा जीन प्रयोगशाळेतल्या धुळीत, पाण्यात, क्वचित विकतच्या एन्झाइममध्येही सापडतो.

पायरी ४: रांगेची लांबी मोजा

दुसरी जोडी कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या भागांना चिकटते, त्यामुळे मधे जे काही असेल ते सगळं वाढवून देते. ५५ अंशाच्या आसपास प्रायमर चिकटवा, आणि ७२ अंशावरचा वेळ मोकळ्या हातानं द्या: साध्या टॅकला हजार बेससाठी एक मिनिट लागतं, म्हणून ३ ते ५ मिनिटं ठेवा. एक मिनिट ठेवलं तर लांब रांगा येणारच नाहीत, आणि तुमच्या अहवालात जंतूंकडे फक्त लहान इंटिग्रॉन असल्याचा खोटा निष्कर्ष निघेल.

जेलवर साधारण १५० बेसची पट्टी म्हणजे रिकामा इंटिग्रॉन, कॅसेट एकही नाही. एक टक्क्याच्या जेलवर ती प्रायमरच्या धुरकट डागात हरवते किंवा खालून निघून जाते, म्हणून काहीच दिसलं नाही तर दोन टक्क्यांच्या जेलवर पुन्हा बघा. हजार बेसच्या आसपास असेल तर बहुधा एकटा एएडीए. १६०० ते १७०० असेल तर बहुधा एक डीएफआरए आणि एक एएडीए. आपल्या जंतूत १६५० च्या जवळ एक स्वच्छ पट्टी आली.

इथं घाई नडते. डीएफआरए१-एएडीए१ आणि डीएफआरए१७-एएडीए५ या दोन्ही रांगा ई. कोलायमध्ये नेहमी सापडतात आणि जेलवर जवळजवळ शेजारी येतात. पट्टीच्या उंचीवरून जीनचं नाव लिहिणं म्हणजे अंदाज. दोन पट्ट्या आल्या तर दोन्ही कापून स्वतंत्र शुद्ध करा. लहान तुकडा पीसीआरमध्ये नेहमी बाजी मारतो. फिकट मोठी पट्टी खरी असू शकते.

पायरी ५: सिक्वेन्स वाचा

पट्टी शुद्ध करून दोन्ही प्रायमरनी सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. एका बाजूनं ७०० ते ८०० बेस भरवशाचे मिळतात, सुरुवातीचे ३०-४० नेहमी खराब. १६५० साठी दोन रीड मधे जेमतेम भेटतील, कदाचित भेटणार नाहीत. मग पहिल्या रीडच्या शेवटी नवा प्रायमर काढून एक रीड जास्त मागवा. मधली फट ‘तिथं तेच असणार’ म्हणून दुसऱ्याच्या सिक्वेन्सनं भरू नका.

समजा ब्लास्टमध्ये पुढून डीएफआरए१७ आणि मागून एएडीए५ निघाला. आता हिशेब जुळवा. डीएफआरए१७ ची लांबी ४७४ बेस, एएडीए५ ची ७८९, बेरीज १२६३. दोन प्रायमर आणि त्यांच्यापासून कॅसेटपर्यंतची टोकं मिळून रिकाम्या इंटिग्रॉनएवढे, म्हणजे साधारण १५०. उरलेले दोनेकशे बेस दोन अ‍ॅटसी आणि जीनच्या कडेच्या मोकळ्या जागांत जातात. हिशेब बसला. समजा पट्टी २२०० ची असती आणि ब्लास्टनं हेच दोन जीन दाखवले असते, तर मधे काहीतरी घुसलेलं आहे आणि तुम्ही ते वाचलेलं नाही.

कॅसेटची सीमा डोळ्यांनी शोधायची असेल तर `GTTRRRY` हा साचा बघा. `R` म्हणजे ए किंवा जी, `Y` म्हणजे सी किंवा टी. इंटिग्रेज जी आणि टीटी यांच्यामध्ये कापतं. जीन संपल्यावर हा साचा आणि त्याआधी स्वतःवर दुमडू शकणारा तुकडा दिसला, की कॅसेट पूर्ण आहे. अ‍ॅटसी कापला गेला असेल तर ती कॅसेट आता सहजी सुटणार नाही. रास कायमची झाली असं समजा.

आता प्लेटकडे परत या. ट्रायमेथोप्रिम, सल्फा आणि स्ट्रेप्टोमायसिनचा उलगडा झाला. अ‍ॅम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिनचा झालेला नाही. अ‍ॅम्पिसिलिनचा नेहमीचा टीईएम जीन कॅसेट नाही. तो टीएन३ च्या कुळातल्या ट्रान्सपोझॉनवर फिरतो. टेट्रासायक्लिनचे टेट जीनही कॅसेट नसतात: टेट-ए टीएन१७२१ वर, टेट-बी टीएन१० वर. ‘इंटिग्रॉनमुळे चार औषधांचा प्रतिकार’ हे प्रबंधात वारंवार दिसणारं वाक्य म्हणून चुकीचं ठरतं. इंटिग्रॉननं रास सुरू केली, बाकीचे ट्रान्सपोझॉन येऊन तिच्या शेजारी बसले असतील, किंवा नसतीलही.

पायरी ६: इंटिग्रॉन कशाच्या पोटात आहे?

मर जीनचा आणि टीएन२१ च्या ट्रान्सपोझेजचा पीसीआर करून दोन्ही पॉझिटिव्ह आले, तरी इंटिग्रॉन टीएन२१ मध्येच आहे असं सिद्ध होत नाही. तिन्ही एकाच जंतूत असून वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. पुरावा हवा तो जोडणीचा: एक प्रायमर ट्रान्सपोझॉनमध्ये, दुसरा इंटिग्रेजमध्ये, आणि मधला सांधा ओलांडणारी एक पट्टी. टीएन२१ मध्ये इंटिग्रेजच्या बाजूला टीएनपीएम हा जीन येतो, म्हणून ती जोडी वापरतात. पारा घातलेल्या प्लेटवर जंतू वाढवून बघण्याचा जुना प्रकार आहे, पण पाऱ्याचा कचरा विल्हेवाटीला अवघड. पीसीआर असताना त्या वाटेला जाऊ नका.

पूर्ण जीनोम करून घ्यायची सोय असेल तर काम सोपं होतं, एका अटीवर. लहान रीडच्या जीनोममध्ये प्रतिकाराचा भाग नेमका तिथंच तुटतो, कारण आयएस२६ नावाचा ८२० बेसचा तुकडा एकाच जंतूत अनेक ठिकाणी जशाच्या तसा असतो आणि संगणकाला कोणती प्रत कुठली ते ठरवता येत नाही. त्यामुळे प्लास्मिडचा नकाशा हवा असेल तर लांब रीड घ्या. मग:

```
integron_finder --local-max --func-annot genome.fasta
amrfinder -n genome.fasta -O Escherichia --plus
```

पहिली आज्ञा इंटिग्रेज आणि अ‍ॅटसी शोधते. निकालात `complete` म्हणजे दोन्ही, `In0` म्हणजे इंटिग्रेज आहे पण कॅसेट नाही, `CALIN` म्हणजे कॅसेट आहेत पण इंटिग्रेज नाही. सल१ कॅसेट नसल्यामुळे तो या रांगेत दिसणार नाही. घाबरू नका, दुसऱ्या आज्ञेच्या यादीत बघा. दोन्ही निकालांतले कॉन्टिगचे नाव आणि स्थान शेजारी ठेवले की कोण कुणाच्या बाजूला बसलंय ते दिसतं. इंटिग्रॉन, टीईएम आणि टेट-ए एकाच कॉन्टिगवर काही हजार बेसमध्ये असतील तर रास खरी.

इंटिग्रेज आहे, पण दुसरा पीसीआर येतच नाही

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पहिली शक्यता लांब रांगेची: वेळ वाढवा, लांब तुकड्यांचं एन्झाइम वापरा. दुसरी शक्यता जास्त रंजक. आयएस२६ नं पलीकडचं टोक, म्हणजे क्यूएसीई आणि सल१ असलेला भाग, कापून टाकलेला असतो. प्रायमरला चिकटायला जागाच उरत नाही. काही इंटिग्रॉनमध्ये सल१ च्या जागी सल३ असतो, तिथंही हेच होतं. सल१ चा वेगळा पीसीआर करा. तो निगेटिव्ह आला आणि जंतू तरी सल्फाला प्रतिकारक असेल, तर सल२ आणि सल३ तपासा, आणि पुढच्या प्रायमरसोबत आयएस२६ मधला प्रायमर वापरून बघा. अशा जंतूंना ‘इंटिग्रॉन निगेटिव्ह’ म्हणून बाजूला टाकणारे अभ्यास सर्वांत जुळवून घेतलेली रास हातातून घालवतात.

अहवालात किती लिहायचं

रास सिद्ध झाली तर ‘औषध बंद करा, प्रतिकार जाईल’ हे वाक्य लिहिण्याआधी दोन अनुभव लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फाची प्रिस्क्रिप्शन वर्षाला ३ लाख २० हजारांवरून ७ हजारांवर आली, तरी ई. कोलायमधला सल्फा प्रतिकार १९९१ मध्ये ३९.७ टक्के होता, तो १९९९ मध्ये ४६ टक्के निघाला. स्वीडनच्या क्रोनोबर्ग भागात दोन वर्षं ट्रायमेथोप्रिमचा वापर ८५ टक्क्यांनी खाली आणला. प्रतिकार नावापुरताच हलला. दोन्हींमागं इतर कारणंही आहेत, पण शेजारच्या जीनना दुसरी औषधं पोसत राहतात हे मोठं कारण. इंटिग्रेज स्वतःही औषधाच्या ताणानं जागं होतं: ट्रायमेथोप्रिम किंवा सिप्रोफ्लॉक्सासिननं डीएनएवर संकट आलं की जंतूची एसओएस यंत्रणा सुरू होते, इंटिग्रेज वाढतं आणि कॅसेटची अदलाबदल वेग घेते.

आपल्या जंतूबद्दल प्रामाणिक नोंद अशी होईल: क्लास १ इंटिग्रॉन आहे, रांगेत डीएफआरए१७ आणि एएडीए५, सिक्वेन्सनं खात्री, सल१ शेवटी आहे, आणि ट्रायमेथोप्रिम, सल्फा व स्ट्रेप्टोमायसिन-स्पेक्टिनोमायसिन प्रतिकार या रांगेशी जुळतात, अ‍ॅम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिनचे जीन इंटिग्रॉनबाहेरचे, त्यांची जागा शोधलेली नाही, टीएन२१ शी जोडणी पीसीआरनं दाखवली असेल तर पट्टीच्या लांबीसह, नसेल तर ‘तपासलेली नाही’ एवढेच दोन शब्द.